पॉटशिवाय आईस्क्रीम: बर्फाचे खडे नेमके कुठे तयार होतात?

आजचा विषय कळवला तेव्हा आयोजकांनी मला विचारलं, "ताई, तुम्ही करून दाखवणार का?" म्हटलं, करून दाखवायचं तर पहिला घाट आज घालायचा आणि खायला तुम्हाला उद्या बोलवायचं, असा हा पदार्थ आहे. त्यामुळे आज फक्त बोलणार आहे. मी दुग्धतंत्रज्ञान शिकले, बरीच वर्षं एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काढली आणि त्यानंतर बदलापूरच्या माझ्या घरातल्या साध्या फ्रिजमध्ये आईस्क्रीम करत आले. यातल्या दुसऱ्या कामाने मला पहिल्यापेक्षा जास्त शिकवलं, कारण डेअरीत लाइट गेली की जनरेटर असतो.

सभागृहात बरीच मंडळी साठीच्या पुढची दिसतात, म्हणजे पॉट आठवत असेलच. लाकडी बादली, मध्ये पत्र्याचा उभा डबा, त्यात पाती, वर दातेरी चाक आणि हँडल. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आणायची, दांडक्याने फोडायची, बादलीत एक थर बर्फाचा आणि एक थर खडेमिठाचा. मग घरातल्या पोरांनी पाळीपाळीने हँडल फिरवायचं, आणि ते फिरेनासं झालं की आईस्क्रीम झालं. त्या आईस्क्रीममध्ये खडे लागत नसत. आज घरी उणे १८ अंशांचा फ्रीजर असतो, म्हणजे त्या बादलीइतका किंवा त्याहून थंड, आणि तरीही दूध आटवून, साखर घालून, डब्यात भरून ठेवलं की दुसऱ्या दिवशी चमच्याखाली कर्रकर्र वाजतं. असं का होतं?

उत्तर थंडीत नाही, पात्यात आहे. पाणी गोठताना आधी कुठेतरी बारीक कण तयार होतात, आपण त्यांना बी म्हणू. मग आजूबाजूचं पाणी त्या बीवर येऊन बसतं आणि कण वाढतो. बिया हजारो असतील तर पाणी हजारोंत वाटलं जातं आणि प्रत्येक कण बारीकच राहतो. बिया मोजक्या असतील तर तेवढंच पाणी मोजक्यांवर चढतं आणि ते लठ्ठ होतात. जिभेला साधारण ५० मायक्रॉनच्या पुढचा कण जाणवायला लागतो. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाहून थोडा बारीक असलेला कणसुद्धा आपल्याला टोचतो. पॉटमध्ये डब्याच्या गार भिंतीवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरायचा, पातं तो लगेच खरवडून आत ढकलायचं, आणि तो चुरा म्हणजे नव्या बिया. फ्रीजरमध्ये हे खरवडणारं कोणी नाही. शिवाय तिथली थंडी हवेतून पोचते आणि हवा उष्णता फार सावकाश काढून घेते. तीन बोटं जाडीचा थर गोठायला चार-पाच तास सहज लागतात आणि तेवढा वेळ मोजक्या बिया निवांत वाढत राहतात.

म्हणजे पॉट नसेल तर तीन गोष्टी आपल्याला करायच्या आहेत. गोठण्याजोगं मोकळं पाणीच कमी ठेवायचं, गोठताना मध्ये एकदा कण फोडायचे आणि नंतर ते पुन्हा वाढू द्यायचे नाहीत. तिसऱ्या गोष्टीकडे पाककृतीच्या पुस्तकांत फारसं लक्ष दिलेलं नसतं, आणि आपल्या भागात घोळ तिथेच होतो. तिच्याकडे शेवटी येते.

आधी पाणी. एक प्रत्यक्ष घाट घेऊ. अर्धा लिटर दूध, तबेल्याचं म्हशीचं किंवा पिशवीतलं फुल क्रीम, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असलेलं. त्यात नुसती साखर घालून गोठवलं तर त्या मिश्रणाच्या १०० ग्रॅममध्ये ७४ ग्रॅम पाणी असतं. हे फार झालं. चांगल्या आईस्क्रीममध्ये ते ६०-६४ असतं. आता घरातली पहिली प्रतिक्रिया काय? दूध आणखी आटवू, बासुंदी होईपर्यंत आटवू आणि वर दुधाची पावडर घालू. कुल्फी तशीच होते ना! आपल्या शेजारी उल्हासनगरला कॅम्पात सिंधी मंडळींकडची कुल्फी-फालुदा तुम्ही खाल्ली असेल. तीही न घुसळताच गोठवतात, आटवलेलं दूध साच्यात भरून. पण कुल्फी घट्ट, दाताने तोडायची असते. आणि ती साच्यातून काढली की लगेच संपते. आपलं आईस्क्रीम मात्र डब्यात आठवडाभर राहणार असतं आणि तिथे आटवण्याला एक मर्यादा आहे.

दूध आटलं की त्यातली लॅक्टोज नावाची साखरही दाटते. ही साखर पाण्यात कमीच विरघळते. प्रमाणाबाहेर दाटली की काही दिवसांनी तिचेच कण बाहेर पडतात आणि आईस्क्रीम रेवाळ लागतं. पुष्कळ जण याला बर्फ समजतात आणि पुढच्या वेळी आणखी पावडर घालतात, म्हणजे दुखणं वाढवतात. ओळखायची खूण सोपी आहे. चमचाभर तोंडात घ्या आणि जीभ टाळूला लावून थांबा. बर्फाचा खडा दोन क्षणांत विरघळून पाणी होईल. लॅक्टोजची रेव आईस्क्रीम वितळल्यावरही जिभेवर बारीक वाळूसारखी उरेल.

म्हणून पाणी थोडं आटवून आणि थोडं मलईने जागा अडवून कमी करायचं. माझं प्रमाण सांगते, लिहून घ्या. अर्धा लिटर दूध, १०० ग्रॅम साखर, २५ ग्रॅम दुधाची पावडर, १० ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि खोक्यात मिळतं ते २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम २०० ग्रॅम. दूध पसरट भांड्यात उकळून त्यातलं साधारण ९० ग्रॅम पाणी उडवायचं. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर भांड्यासकट आधी आणि नंतर तोला. नसेल तर अर्धा लिटरचं ४०० मिलीच्या किंचित वर आलं की थांबा. सगळं मिळून पाऊण किलोच्या थोडं वर मिश्रण होतं आणि त्यात पाणी १०० ला ६४ उरतं. साखर कमी करायचा मोह आवरा. साखर फक्त गोडीसाठी नाही. तिच्यामुळे फ्रीजरमध्येही सगळं पाणी गोठत नाही, साधारण पाव हिस्सा पाकासारखा राहतो आणि म्हणून चमचा आत जातो. साखर अर्धी केलीत तर आईस्क्रीम कमी गोड तर होईलच, पण विटेसारखंही होईल.

आता पाकिटातल्या दोन पावडरी. जीएमएस आणि सीएमसी. मराठी घरांत ही नावं वर्षानुवर्षं तोंडी आहेत, आईस्क्रीमच्या क्लासला जाऊन आलेल्या प्रत्येक मावशीला पाठ आहेत, पण कोणती काय करते हे विचारलं की दोन्हींना "घट्ट करायला" हेच उत्तर मिळतं. तसं नाही. जीएमएस हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे. तो दुधातल्या स्निग्धांशाला आणि हवेला एकमेकांना धरून राहायला मदत करतो, म्हणून फेटल्यावर मिश्रण फुगतं. तो गरम दुधातच विरघळतो, गार मिश्रणात घातलात तर मेणचट कणी राहतात. सीएमसीचं काम पाणी धरून ठेवण्याचं. पाणी सैल फिरू शकलं नाही की ते कणापर्यंत सहज पोचत नाही. ही पावडर दुधात थेट टाकली की गुठळ्या होतात, म्हणून ती आधी कोरड्या साखरेत कालवायची. आपल्या घाटाला दीड टीस्पून जीएमएस आणि पाव टीस्पूनहून कमी सीएमसी पुरते. जास्त सीएमसीने आईस्क्रीम चिकट, ताणलं जाणारं होतं. कॉर्नफ्लोअरही पाणी धरण्याचंच काम करतं, फक्त जरा कमी ताकदीने. ज्यांना पाकिटं नकोत त्यांनी नुसतं कॉर्नफ्लोअर वापरावं, आईस्क्रीम होतं, पण फुगत कमी.

आटवलेल्या दुधात गार दुधात कालवलेलं कॉर्नफ्लोअर आणि पावडर, मग साखर-सीएमसी आणि जीएमएस घालून तीन-चार मिनिटं ढवळत शिजवा. भांडं पाण्याच्या परातीत ठेवून गार करा, झाकून फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात किमान चार तास ठेवा, रात्रभर असेल तर उत्तम. हा वेळ चुकवू नका. कोमट मिश्रण फ्रीजरमध्ये गेलं तर ते आधी तासभर फक्त गार होत बसतं आणि त्याच्या उष्णतेने शेजारचे डबेही मऊ पडतात. गार मिश्रणात क्रीम मिसळा आणि पसरट स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात दोन बोटांपेक्षा जास्त जाड थर होणार नाही इतकंच ओता. प्लॅस्टिकचा डबा या टप्प्याला नको, त्यातून थंडी उशिरा पोचते. जुन्या पद्धतीचा, बर्फ धरणारा फ्रिज असेल तर डबा थेट फ्रीजरच्या तळाच्या पत्र्यावर ठेवा.

दोन-अडीच तासांनी बघा. कडा घट्ट आणि मधे श्रीखंडासारखं मऊ, ही फोडायची वेळ. मिक्सरचं भांडं आणि पातं आधीच अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलेलं असू द्या. थोडं थोडं घ्या, २०-२५ सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. इथे सर्वांत मोठी चूक होते ती म्हणजे छान एकजीव होईस्तोवर फिरवत राहणं. पात्याच्या घर्षणाने मिश्रण तापतं. डोशाच्या दाट पिठासारखं आणि अजून हाताला बोचेल इतकं थंड, एवढ्यावर थांबायचं. दुधासारखं पातळ झालं तर फोडलेल्या बिया विरघळल्या आणि तुम्ही पुन्हा शून्यावर आलात. मग जवळ हातातलं बीटर असेल तर गार पातेल्यात मिनिट-दीड मिनिट फेटा. जीएमएस घातलं असेल तर मिश्रण दीडपट फुगलेलं दिसेल. हवेचे हे बुडबुडेही कणांच्या मध्ये भिंतीसारखे उभे राहतात.

(प्रश्न: ताई, आंबा घातला की हमखास खडे होतात. का?)

कारण हापूसच्या रसातही १०० ला ८० च्या वर पाणीच आहे. तुम्ही दुधातलं पाणी कष्टाने उडवलंत आणि वाटीभर रसाबरोबर ते परत आत घेतलंत. रस कढईत मंद आचेवर आटवा, २०० ग्रॅमचा १३० झाला की पुरे. पूर्ण गार करा आणि मिक्सरच्या वेळी घाला. सीताफळाचा गर मात्र शिजवू नका, कडवटपणा येतो. तो कमीच घ्या आणि दूध थोडं जास्त आटवा.

(प्रश्न: कंडेन्स्ड मिल्क आणि व्हिप केलेलं क्रीम, एवढ्यावर करतात ते?)

तेही बरोबर आहे, आणि त्यात मध्ये फोडावंही लागत नाही. कंडेन्स्ड मिल्कमध्ये पाणी मुळातच कमी आणि साखर भरपूर. क्रीम आधीच फुगवलेलं, म्हणजे हवा आणि स्निग्धांश दोन्ही जागेवर. फक्त ते आपलं २५ टक्क्यांचं क्रीम फुगत नाही, त्याला ३० च्या वर स्निग्धांश लागतो. आणि केकच्या दुकानात मिळणारं व्हिपिंग क्रीम बहुधा वनस्पतिजन्य असतं. त्याचं छान फुगतं, पण आपल्या कायद्याच्या भाषेत ते आईस्क्रीम नव्हे, फ्रोजन डेझर्ट. मला ते फार गोड आणि टाळूला तुपकट लागतं, पण ही माझी आवड झाली.

आता तिसरी गोष्ट. फेटलेलं मिश्रण छोट्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यांत काठोकाठ भरायचं, पृष्ठभागाला चिकटेल असा बटर पेपर लावायचा आणि सहा-आठ तास हलवायचं नाही. सकाळी आईस्क्रीम मऊ झालेलं असतं. तुम्ही खूश. आणि पाच दिवसांनी त्याच डब्यात खडे लागतात. गंमत अशी की त्या पाच दिवसांत बाहेरून पाण्याचा थेंबही आत गेलेला नसतो.

झालं असं की मध्ये कधीतरी लाइट गेली. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, तिन्हीकडच्या लोकांना मी हे समजावून सांगायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये बदलापुरात पारा चाळिशीच्या पुढे असताना तीन-चार तास लाइट नसली की फ्रीजर उणे १८ वरून हळूहळू वर चढतो. आईस्क्रीम एकदम वितळत नाही, त्यातला थोडा बर्फ वितळतो. कोणता? सर्वांत बारीक कण आधी संपतात. मोठे कण टिकतात, जरासे झिजतात. लाइट आली, पुन्हा थंड झालं, तेव्हा ते पाणी नवीन बी तयार करत नाही, समोर असलेल्या मोठ्या कणांवरच जाऊन बसतं. बारीक गेले, मोठे आणखी मोठे झाले. असं चार वेळा झालं की पॉटमधलं आईस्क्रीमसुद्धा खडबडीत होतं. फ्रीजरचं दार वारंवार उघडणं हेही याच जातीचं, फक्त छोट्या मात्रेत. आणि ज्यांच्याकडे आपोआप बर्फ वितळवणारा फ्रिज आहे त्यांच्या फ्रीजरमध्ये तो अधूनमधून स्वतःच थोडी ऊब सोडतो, म्हणून डबा मागच्या भिंतीला टेकवू नका, मधोमध ठेवा.

उपाय काय? बरेच जण फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवतात, थंडी टिकावी म्हणून. कल्पना चांगली, पण अपुरी. साध्या पाण्याचा बर्फ शून्य अंशाला वितळतो आणि वितळतानाच तो खरी उष्णता शोषतो. आपलं आईस्क्रीम उणे पाच-सहाला आलं तेव्हाच बिघडलेलं असतं. म्हणजे बाटली कामाला लागते तोवर काम आटोपलेलं असतं. इथे पॉटमधलं खडेमीठ परत आणायचं. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवा आणि बाटल्या पाऊणच भरा, कारण गोठताना पाणी फुगतं. मिठाचं पाणी एका ठरावीक अंशाला गोठत-वितळत नाही. उणे १८ ला त्याचा मोठा भाग गोठलेला असतो आणि फ्रीजर जरा ऊबला, उणे १६, उणे १४, की तेव्हापासूनच तो थोडा थोडा वितळत उष्णता ओढून घेतो. उणे १८ पासून उणे १० पर्यंतच्या टप्प्यात अशी बाटली साध्या बर्फाच्या बाटलीपेक्षा कितीतरी पट उष्णता खाते. आणि आपल्याला नेमका हाच टप्पा सांभाळायचा आहे.

मी एकाच घाटाचे दोन डबे केले होते. एक दाराजवळ, एक चार खाऱ्या बाटल्यांच्या मध्ये. त्या आठवड्यात दोनदा दुपारची लाइट गेली. दाराजवळच्या डब्यात दुसऱ्या खेपेनंतर बटर पेपरखाली पांढरा भुरका, पातळी बोटभर खाली बसलेली आणि तळाशी काचेसारखा कडक थर. बसकण आली म्हणजे हवा निसटली आणि तळाला बर्फ म्हणजे वितळलेलं पाणी खाली उतरून गोठलं. मधल्या डब्यात कडेला थोडा खरखरीतपणा होता, बाकी चमचा सरळ जात होता. बाटल्या मात्र आईस्क्रीमच्या आदल्या दिवशीच फ्रीजरमध्ये जायला हव्यात, नाहीतर त्या गोठताना आईस्क्रीमच्या वाटची थंडी खातात. आणि बाटलीवर "मीठ" असं मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे एकदा पाहुण्यांनी सरबतात घातलं आहे.

(प्रश्न: खडे झालेलं आईस्क्रीम परत नीट करता येतं का?)

ते कडकच असेल, नुसतं खडबडीत झालं असेल, तर येतं. तुकडे करून गार भांड्यात पुन्हा मिक्सरमधून काढा आणि लगेच गोठवा. हवा थोडी कमी राहील, चव तीच. पण लाइट इतका वेळ गेली की डब्यात पातळ दूध झालं आणि हाताला ते गार लागत नाही, तर परत गोठवायचं नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. पातळ आहे पण अजून फ्रिजमधल्या दुधाइतकं गार आहे, तर त्याच दिवशी मिल्कशेक करून संपवा.